तिसऱ्या पानावरचं वाक्य

*डॉक्टर, नमस्कार. मी लातूरमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून स्वतंत्रपणे काम करते, हे चौथं वर्ष. औसा तालुक्यातला २६ वर्षांचा एक मुलगा फेब्रुवारीपासून माझ्याकडे येतोय. पुण्यात तीन वर्षं स्पर्धा परीक्षांची तयारी करून गावी परतलाय. डिप्रेशनसाठी सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणूक बदलायच्या थेरपीची, १४ सत्रं झाली. मध्ये छान सुधारला होता, पण पुन्हा होता तिथंच आला. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीचा स्कोअर पहिल्या दिवशी १९ होता, आज १७ आहे. आता सायकियाट्रिस्टकडे पाठवायचं ठरवलंय. असं पत्र मी याआधी दोन-तीनदाच लिहिलंय आणि एकदाही उत्तर आलेलं नाही. म्हणून यावेळी सगळं सविस्तर, चार पानी लिहिलंय. त्याची परवानगी घेऊन, नाव-गाव काढून सोबत जोडते. त्यात काय कमी आहे? आणि त्याचे वडील म्हणाले, "म्हणजे मॅडमनं हात टेकले म्हणायचं." त्यांना काय सांगू?*
*– एक वाचक, लातूर*

ताई,

पत्राचं नंतर बघू. आधी एक काम आजच करा.

तुमच्या चौथ्या पानावर, 'घरची परिस्थिती' या मथळ्याखाली, तो माळवदाच्या मागच्या खोलीत झोपतो आणि फवारणीची औषधंही तिथंच ठेवलेली असतात, असं एक साधं वाक्य आहे. आणि दुसऱ्या पानावर पीएचक्यू-९ च्या नवव्या प्रश्नाला त्यानं दिलेलं उत्तर आहे, २. म्हणजे गेल्या पंधरवड्यात निम्म्याहून जास्त दिवस त्याच्या मनात मरणाचे विचार येऊन गेलेत. ही दोन वाक्यं तुमच्या पत्रात दोन पानांच्या अंतरावर आहेत. त्याच्या खोलीत मात्र हातभरच अंतर आहे.

त्याला फोन करा, सरळ शब्दांत विचारा. कधी, कसं, असं काही ठरवलंय का? विचारल्यानं डोक्यात नसलेलं शिरत नाही, ही भीती सोडून द्या. मग त्याला सांगूनच वडिलांना फोन लावा आणि ते डबे आजच घरातून हलवायला सांगा. शेतातल्या कोठ्यात ठेवा, कुलूप लावा, किल्ली चुलत्याकडे द्या. खरीप तोंडावर आहे, औषधं आणू नका असं कुणी सांगितलं तरी ते ऐकणार नाहीत, पण जागा बदलतील. मरणाची तीव्र ओढ पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढ्या वेळात डबा हाताशी असणं आणि नसणं, यात फार मोठा फरक पडतो. काही ठरवलंय असं तो म्हणाला, किंवा उत्तर टाळू लागला, तर पत्र वगैरे राहू द्या, त्याच दिवशी त्याला कुणाच्या तरी सोबत सरकारी दवाखान्यात न्या. रात्री-अपरात्री तुम्ही सापडला नाहीत तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या आणि त्याच्या आईच्या फोनमध्ये असू द्या, तो चोवीस तास चालतो.

आता पत्र.

मी बत्तीस वर्षं या खुर्चीत बसतोय, म्हणून खुर्चीच्या या बाजूनं सांगतो. बाहेर बाकड्यावर माणसं दाटीवाटीनं बसलेली असतात. नव्या पेशंटला मला पंधरा मिनिटं मिळतात, एखाद्या दिवशी वीस. तुम्ही त्या मुलासोबत चौदा तास बसलात. पत्र लिहिताना हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. उदास आहे, झोप नाही, भूक नाही, अभ्यासात मन लागत नाही, हे तो मला स्वतःच सांगेल, त्याचा चेहराच सांगेल. ते पुन्हा दीड पान लिहून तुम्ही माझा काही वेळ वाचवत नाही. चौदा तासांत तुम्हाला दिसलेलं आणि पंधरा मिनिटांत मला कधीच दिसणार नाही, असं काय आहे? पत्र त्याच्यासाठी असतं.

तुमच्याकडे ते आहे. तुम्ही ते लिहिलंसुद्धा आहे, फक्त त्याला वेगळं नाव दिलंय.

तिसरं पान काढा. 'उपचारांना प्रतिसाद' या भागात सहाव्या सत्राला, मार्चच्या मध्यात, स्कोअर ६ वर आल्याचं लिहून तुम्ही पुढं म्हणता, "उत्तम प्रतिसाद. पेशंट उत्साही, आत्मविश्वास परत आलेला. रात्री तीन तास झोपूनही ताजातवाना. शेळीपालनाची योजना आखली, त्यासाठी दोघा मित्रांकडून साठ हजार हातउसने घेतले. सत्रात भरभरून बोलला, वेळ संपल्यावरही थांबवावं लागलं." आठव्या सत्राला स्कोअर १४, दहाव्याला १८. शेळ्या आल्याच नाहीत, मित्रांचे फोन मात्र अजून येतात.

ताई, १८ वरून तीन आठवड्यांत ६, आणि पुढच्या चार आठवड्यांत पुन्हा १८. थेरपीनं माणूस सुधारतो तेव्हा आलेख सहसा असा दिसत नाही. तो हळूहळू, दोन पावलं पुढं एक पाऊल मागं असा उतरतो. रात्रीतून पूर ओसरावा तसा नैराश्याचा स्कोअर कोसळला, आणि त्याच आठवड्यात झोपेची गरजही कमी झाली, तर मी आनंद करण्याआधी खुर्ची पुढं सरकवतो. पीएचक्यू-९ माणूस किती खाली गेलाय तेवढंच मोजतं, ० ते २७. माणूस जमिनीच्या वर किती चढलाय हे मोजायची त्यात सोयच नाही. त्यामुळे चढाच्या दिवसांत कागदावर सगळं छान दिसतं.

मला इथं हायपोमेनियाची शंका येते. नुसता आनंद म्हणजे हायपोमेनिया नव्हे. मन नेहमीपेक्षा वर किंवा चिडखोर, अंगात नेहमीपेक्षा जास्त जोर, हे सलग किमान चार दिवस, आणि सोबत झोपेची गरज कमी होणं, बोलणं वाढणं, विचार पळणं, स्वतःबद्दल फाजील भरवसा, बेहिशेबी खर्च किंवा धाडस यांतलं तीन-चार तरी. बाहेरच्या माणसाला बदल दिसला पाहिजे. पण घर मोडण्याइतकं किंवा दवाखान्यात भरती करण्याइतकं ते वाढलेलं नसतं, नाहीतर त्याला मेनिया म्हणतात. झोपेचा मुद्दा नीट धरून ठेवा, कारण इथंच बहुतेकांची गल्लत होते. नैराश्यातल्या माणसाला झोप हवी असते, येत नाही, सकाळी तो पिळून निघालेला असतो. चढातल्या माणसाला झोप नकोच असते, तीन तासांत उठून तो अंगण झाडून, चहा पिऊन कामाला लागलेला असतो. तुमचं 'ताजातवाना' हे एका शब्दाचं निरीक्षण म्हणूनच माझ्यासाठी चार पानांहून मोलाचं आहे.

एकदाच झालं असतं तर मी इतकं ताणलं नसतं. पण दुसऱ्या पानावर पुण्यातली गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वी आठवडाभर रात्री जागून त्यानं आधुनिक इतिहासाच्या नोट्स लिहून काढल्या, अभ्यासिकेतल्या बारा पोरांना हॉटेलात जेवू घातलं, आणि नंतर दोन महिने खोलीबाहेर पडला नाही. तुम्ही याला 'अभ्यासातली जिद्द' म्हटलंय. असेलही. स्पर्धा परीक्षेच्या पोरांमध्ये रात्रीचं जागरण ही काही बातमी नाही. पण नंतरचे ते दोन महिने मला गप्प बसू देत नाहीत.

आणि पहिल्या पानावर 'कुटुंबात मानसिक आजार नाही' असं लिहून झाल्यावर तिसऱ्या पानावर मामा येतात. दोन-तीन वर्षांतून एकदा घर सोडून तीर्थाला निघायचे, वाटेत भेटेल त्याला पैसे वाटायचे, परत आले की महिनोन्‌महिने खाट सोडायचे नाहीत. आपल्याकडे 'घरात कुणाला मानसिक आजार आहे का' या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'नाही' असंच येतं, त्यात खोटं कुणी बोलत नसतं. प्रश्नच त्यांच्या भाषेत नसतो. मी विचारतो, कुणाचं डोकं फिरल्यासारखं झालं होतं का, कुणी महिना-महिना अंथरूण धरलं होतं का, कुणी एकदम लई खर्च करत, लई बोलत सुटायचं का, घरात कुणी औषध पिलं होतं का. मग मामा, आत्या, चुलत आजा, सगळे एकेक करून खोलीत येतात.

मी त्या मुलाला तपासलेलं नाही. त्याला बायपोलर, म्हणजे मनाच्या चढ-उताराचा आजार, आहे असं मी म्हणत नाही, आणि तुम्हीही पत्रात तसं निदान ठोकू नका. पण ही शंका पत्राच्या पहिल्या चार ओळींत असायला हवी. नसली तर काय होतं ते सांगतो. तुमचं शेवटचं वाक्य आहे, "कृपया अँटिडिप्रेसंट सुरू करावे ही विनंती." बाहेर गर्दी आहे, समोर उदास पोरगं बसलंय, पत्रावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची सही आहे. मी एसिटॅलोप्रॅम दहा मिलिग्रॅम लिहितो आणि महिन्यानं या म्हणतो. साध्या नैराश्यात ते बरोबरच ठरलं असतं. पण बायपोलरचं नैराश्य असेल आणि मूड सावरणारं औषध सोबत नसेल, तर एकट्या अँटिडिप्रेसंटनं काही जण वर फेकले जातात. काहींमध्ये चढ आणि उतार एकाच वेळी येतात. आत निराशा तशीच, आणि वर अंगात बेचैन जोर. मरणाच्या विचारांसाठी यापेक्षा वाईट घडी नाही. सगळ्यांचं असं होतं असं नाही, पण ज्याचं होतं त्याच्या घरच्यांना 'गोळ्यांनी पोरगं बिघडलं' एवढंच आठवतं, आणि ते पुन्हा कुणाच्याच दारात येत नाहीत. बायपोलरच्या नैराश्याची वाटच वेगळी असते, तिथं क्वेटियापिन, लिथियम, लॅमोट्रिजिन यांचा विचार होतो. लिथियम द्यायचं तर आधी मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्या, मग ठरावीक काळानं रक्तातलं प्रमाण बघणं. आणि पोरगं भर उन्हात शेतात राबतंय का हेही मला माहीत हवं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात वाढतं. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. कोणतं औषध द्यायचं ते माझ्यावर सोडा. पत्रात मला प्रश्न विचारा.

पण नेमकी हीच माहिती पंधरा मिनिटांत मला का मिळत नाही? कारण पेशंट ती आजार म्हणून सांगतच नाही. उतारात बसलेल्या माणसाला चढाचे दिवस आठवतात ते 'तेवढेच तर चांगले दिवस होते' असे. मी 'कधी फार आनंदी होता का' असं विचारलं तर तो केविलवाणं हसतो आणि 'नाही' म्हणतो. तुमच्याकडे तारखेसह नोंद आहे. पाठवण्याआधी अजून एक सत्र घ्या, त्यात मार्चचे ते दिवस परत उलगडा आणि त्याच्या परवानगीनं आईला आत बोलवा. किती दिवस चाललं, झोप किती, पैसे किती गेले, कुणाला खटकलं, हे आईला तंतोतंत आठवत असतं. मूड डिसऑर्डर क्वेश्चनेअर नावाची तेरा प्रश्नांची यादी वापरायची तर वापरा, पण तिच्या आकड्यावर विसंबू नका. आईचं एक वाक्य जास्त कामाचं असतं. तेही तिच्याच शब्दांत लिहा. "रातच्याला दोन वाजता उठून गोठा सारवायलाय म्हणून मी भ्याले," असं वाक्य पत्रात आलं की मला भाषांतराची गरज उरत नाही.

आता 'थेरपीनं फरक नाही' या वाक्याबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ पत्रांत हे वाक्य असतं आणि त्यातून मला काहीच कळत नाही. गोळीला डोस असतो तसा थेरपीलाही असतो. किती सत्रं, किती आठवड्यांत, काय केलं, आणि घरी सांगितलेलं त्यानं किती केलं. तुमच्या पत्रात '१४ सत्रं' आहेत, पण तारखा लावून पाहिल्या तर पहिली आठ दर आठवड्याला झालीत आणि उरलेली सहा अकरा आठवड्यांत विखुरलीत. लग्नसराई, मग पेरणीची तयारी. यात लाजण्यासारखं काही नाही, पण लिहा. मला त्यातून हे ठरवता येतं की थेरपी पुरेशी देऊन लागू पडली नाही, की ती पुरती मिळालीच नाही. माझ्या मते तुमची पुरेशी झाली आहे. आठ सलग सत्रं, दिनक्रमाचं वेळापत्रक, विचारांची वही, आणि त्यातलं साधारण निम्मं त्यानं केलं. एवढ्यानंतर १९ चे १७ होणं म्हणजे फरक नाहीच. पाच अंकांचा उतार असल्याशिवाय मी त्याला हालचाल म्हणत नाही. तुम्ही थोड्या आधीच पाठवायला हवं होतं हे खरं. दहाव्या सत्राला स्कोअर पुन्हा १८ झाला तेव्हाच. पण मार्चमधल्या त्या ६ नं तुम्हाला आशा लावली, आणि तशी ती कुणालाही लागली असती.

चार पानांतलं काढायचं काय? वडिलांनी दहावीत असताना मारलं होतं तो प्रसंग, पुण्यातल्या मुलीची गोष्ट, तिचं नाव, तिची जात. ताई, हे सगळं त्यानं तुम्हाला सांगितलंय, मला नाही. मला त्याची गरज पडली तर मी विचारीन आणि त्याला वाटलं तर तो सांगेल. आणि व्यवहाराचं बोलायचं तर तुमचं पत्र कुठून कुठं जातं ते डोळ्यांपुढं आणा. आधार कार्ड, जुने रिपोर्ट आणि तुमचा लिफाफा एका कॅरीबॅगेत, कॅरीबॅग वडिलांच्या हातात, एसटीत तास-दीड तास. लिफाफा चिकटवलेला असला तर गावातला बारावी झालेला पुतण्या तो जास्तच आवडीनं उघडून वाचतो. म्हणून वडिलांनी वाचलं तरी पोराला मान खाली घालावी लागणार नाही असंच पत्र लिहा, आणि ते पोराच्या हातात द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये पेशंटची माहिती गुप्त राखायला सांगितलंय, आणि उपचारासाठी दुसऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाला ती देण्याची मुभाही त्याच कलमात आहे. तरी पाठवण्याआधी त्याला पूर्ण पत्र वाचून दाखवा. तो एखादी ओळ खोडायला सांगेल, एखादी तारीख दुरुस्त करेल. कधीकधी याच वाचनात तो म्हणतो, 'मॅडम, असं अजून एकदा झालं होतं.'

खाली मी तुमच्याच चार पानांतून एक पान केलंय. जिथं तुम्ही विचारल्याचं दिसलं नाही तिथं रेघ सोडलीय. विचारून भरा, आणि नाहीच विचारता आलं तर 'विचारलेलं नाही' असं लिहा. कोरी जागा मी 'नाही' अशी वाचतो, ही माझी खोड समजा. इंग्रजीत लिहायचं असेल तर खुशाल लिहा, क्रम हाच ठेवा.

*प्रिय डॉक्टर,*

*श्री. अ. ब., वय २६, यांना तपासणी व औषधोपचाराच्या निर्णयासाठी पाठवत आहे. याच आठवड्यात पाहावे ही विनंती. नैराश्यासाठी १४ सत्रांनंतर सुधारणा नाही. उपचारांदरम्यान एकदा व पूर्वी एकदा चढाचा काळ येऊन गेला असावा अशी शंका आहे. हे नैराश्य बायपोलर आजारातले आहे का, हा माझा मुख्य प्रश्न आहे.*

*जोखीम: शेवटच्या सत्रात मरणाचे विचार निम्म्याहून जास्त दिवस येत असल्याचे सांगितले. पद्धत, वेळ ठरवली आहे का: ____. पूर्वी प्रयत्न: ____. घरातील कीटकनाशके दि. ____ रोजी हलवली, वडिलांना कल्पना आहे.*

*चढाचा काळ: मार्चच्या मध्यात अंदाजे ____ दिवस. तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणे वाढलेले, शेळीपालनासाठी रु. ६०,००० उसने घेतले. आईचे निरीक्षण: ____. दोन वर्षांपूर्वी पुण्यात असाच सुमारे एक आठवडा, त्यानंतर दोन महिने खोलीत बंद. मामांमध्ये घर सोडून जाणे, पैसे वाटणे व नंतर महिनोन्‌महिने अंथरुणात असणे असे काळ आलटून-पालटून. त्यांच्यावर उपचार झालेले नाहीत.*

*उपचार: फेब्रुवारी ते जून, सीबीटी, १४ सत्रे (पहिली ८ साप्ताहिक, नंतर ६ सत्रे ११ आठवड्यांत). दिनक्रमाचे वेळापत्रक व विचारांची नोंदवही. घरचा अभ्यास साधारण निम्मा केला. पीएचक्यू-९: सत्र १ ला १९, सत्र ३ ला १८, सत्र ६ ला ६, सत्र ८ ला १४, सत्र १० ला १८, सत्र १४ ला १७.*

*शरीर व औषधे: थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२: ____. सध्याची औषधे, मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या झोपेच्या गोळ्या, स्टेरॉइड, दारू, तंबाखू: ____.*

*माझी सत्रे सुरू राहतील, पुढचे सत्र दि. ____ रोजी आहे. पत्र पेशंटला वाचून दाखवले आहे व त्यांची संमती आहे.*

स्टेरॉइडची रेघ तुम्हाला विचित्र वाटली असेल. दम्यासाठी, त्वचेसाठी, नाहीतर गावातल्या कुणीतरी सांधेदुखीसाठी दिलेल्या पुडीतून ती पोटात जातात आणि त्यांनीही माणूस चढतो. मार्चमध्ये त्यानं असलं काही घेतलं होतं असं निघालं तर माझा पूर्ण विचार बदलेल. बी-१२ आणि थायरॉइडचं तुम्ही लिहिलं नव्हतं यात तुमचा दोष नाही, ते बघणं माझं काम आहे. पण आधी झालेले रिपोर्ट असतील तर सोबत पाठवा म्हणजे त्याच तपासण्यांवर पुन्हा पैसे जाणार नाहीत.

उत्तर येत नाही ही तुमची तक्रार खरी आहे आणि मीही त्या गुन्हेगारांत आहे. शेकडो पत्रं वाचलीत, उत्तरं मोजकीच लिहिलीत. एका हुशार बाईंनी मला यातून सोडवलं. त्या पत्राच्या तळाला तुटक रेघ मारून चार ओळी छापून पाठवायच्या: निदान किंवा शंका, सुरू केलेलं औषध आणि डोस, पुढची तारीख, सत्रांमध्ये मी कशावर लक्ष ठेवू. मला फक्त भरून, फाडून पेशंटच्या हातात द्यायचं असायचं. अर्ध्या मिनिटाचं काम, टाळायला निमित्तच उरलं नाही. तुम्हीही तसं करा. चौथी ओळ सोडू नका, कारण औषध सुरू झाल्यावर मी त्याला महिन्यानं बघणार आणि तुम्ही आठवड्यानं. झोप अचानक कमी झाली, चिडचिड वाढली, बोलण्याला वेग आला, तर ते आधी तुम्हाला दिसणार. त्या दिवशी माझ्या तारखेची वाट बघायची नाही, फोन करायचा.

राहता राहिले वडील. त्यांचा प्रश्न मला अपमानाचा वाटला नाही, भीतीचा वाटला. सोयाबीनच्या भावावर घर चालवणाऱ्या माणसाला 'आता दुसरा डॉक्टर' म्हणजे दुसरा खर्च, आणि 'येड्याचा डॉक्टर' म्हणजे पोराच्या लग्नाची पंचाईत. त्यांना आजाराचं नाव सांगायला जाऊ नका, ते अजून ठरलेलंच नाही. आणि 'गोळ्या चालू केल्या की बरा होईल' असंही म्हणू नका, कारण कोणतंही औषध लागलं तरी फरक दिसायला दोन-चार आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा झोपाळूपणा आला की ते गोळ्या उकिरड्यावर टाकतील. मी बाप समोर असेल तर एवढंच बोलतो: "दादा, पोरगं खोटं बोलत नाही, आळस करत नाही. त्याचं मन कधी खाली जातं, कधी लई वर जातं, असं आम्हाला वाटायलंय. ते तपासायला गोळ्या देणाऱ्या डॉक्टरकडं पाठवायलोय. सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, तिथं दाखवलं तर खर्च थोडा लागतो." लातूरचं मेडिकल कॉलेज, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ किंवा संभाजीनगरची घाटी, जे त्यांना जवळचं वाटेल ते. पहिल्या वेळी आईनं सोबत यावं असं मात्र आग्रहानं सांगा. मार्चमधल्या त्या रात्री जाग्या होत्या त्या आई.

आणि तुमचं पुढचं सत्र कोणत्या वारी आहे, हे त्यांना त्याच बैठकीत सांगून टाका. शक्यतो सायकियाट्रिस्टच्या तारखेनंतर दोन-तीन दिवसांतला वार धरा. कागदावर लिहून, पोराच्या नव्हे, त्यांच्याच खिशात द्या.